आरोपपत्रानंतरची शांतता

फेब्रुवारी 2024 च्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुणे पोलिसांनी मेफेड्रोन, म्हणजे ज्याला सगळे एमडी म्हणतात, त्या अमली पदार्थाच्या साठ्यांवर एकामागोमाग छापे घातले. पुणे, कुरकुंभची औद्योगिक वसाहत, दिल्ली अशा नावांच्या जोडीला कुपवाडचं नाव आलं. कुपवाडमध्ये सुमारे 140 किलो माल सापडल्याचं पोलिसांनी सांगितलं आणि पुढचे आठ-दहा दिवस सांगली जिल्ह्याच्या पानांवर दुसरा विषय नव्हता. माल कुठे ठेवला होता, कुणी आणला, कोण कुणाला कधीपासून ओळखत होतं, मिठाच्या पिशव्यांच्या आडून तो कसा हलवला जात होता, हे सगळं रोज नव्या तपशिलासह छापून येत होतं. नंतर तपास पुढे सरकला, कागदपत्रं न्यायालयात गेली, आणि कुपवाड बातम्यांतून नाहीसं झालं. आज कुणा स्तंभलेखकाला किंवा वाहिनीवरच्या जाणकाराला या प्रकरणाबद्दल विचारलं तर एकच उत्तर मिळतं : प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, त्यावर बोलणं योग्य नाही. जिल्ह्याच्या बातम्या हाताळणाऱ्या आम्हा मंडळींच्या कामातला हा रोजचा क्रम आहे, आणि हा क्रम उलटा आहे असं माझं ठाम मत आहे. सांभाळून बोलायची वेळ असते तेव्हा आम्ही सुटलेलो असतो, आणि आधार धरून बोलता येण्याची वेळ येते तेव्हा गप्प बसतो.

हे नीट समजून घ्यायचं तर प्रकरण न्यायप्रविष्ट कधी होतं ते आधी पाहावं लागतं, कारण त्याबद्दल वार्ताहरांतही बराच गोंधळ आहे. गुन्हा नोंदला की प्रकरण न्यायप्रविष्ट झालं असं कुणी मानतं, कुणाला अटक झाली की झालं असं वाटतं. न्यायालय अवमान अधिनियम 1971 च्या तिसऱ्या कलमाच्या स्पष्टीकरणात त्याचं उत्तर दिलेलं आहे. दिवाणी दावा दाखल झाला की तो प्रलंबित धरला जातो. फौजदारी प्रकरण आरोपपत्र दाखल झाल्यावर, किंवा न्यायालयानं आरोपीवर समन्स वा वॉरंट काढल्यावर प्रलंबित होतं, आणि अपील-पुनरीक्षणाचे मार्ग संपेपर्यंत तसंच राहतं. कुपवाडच्या प्रकरणाला हे लावून पाहिलं की अडचण दिसते. व्यावसायिक प्रमाणातल्या अमली पदार्थांच्या गुन्ह्यात आरोपपत्रासाठी पोलिसांना 180 दिवस मिळतात. एमडीच्या बाबतीत 50 ग्रॅमच्या वर गेलं की ते व्यावसायिक प्रमाण, म्हणजे किलोंच्या प्रकरणात हा प्रश्नच उरत नाही. छापा फेब्रुवारीत, आणि आरोपपत्राला ऑगस्टपर्यंत मुदत. या सहा महिन्यांत तिसऱ्या कलमाच्या अर्थानं प्रकरण न्यायालयासमोर आलेलंच नव्हतं, आणि छापून येण्यासारखं जवळजवळ सगळं याच काळात, तेही त्याच्या पहिल्या पंधरवड्यात, छापून झालं.

मुंबई उच्च न्यायालयानं या फटीवर बोट ठेवलेलं आहे. सुशांतसिंह राजपूत प्रकरणातल्या वाहिन्यांच्या वागण्याविरुद्ध नीलेश नवलखा आणि इतरांनी याचिका केल्या होत्या. त्यांवर 18 जानेवारी 2021 रोजी मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठानं निकाल दिला. तपास चालू असतानाचं वार्तांकनसुद्धा न्यायदानात अडथळा ठरू शकतं, गुन्हा नोंदल्यापासूनच ही जबाबदारी सुरू होते, असं त्या निकालात म्हटलं आहे. काय टाळावं तेही सांगितलं आहे : साक्षीदारांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या जबाबांची चिरफाड करणं, पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब तो पुराव्यात चालत नाही हे न सांगता छापणं, ओळख पटायला मदत होईल असे आरोपीचे फोटो दाखवणं, गुन्हा कसा घडला याचं नाट्यरूपांतर करणं, दोषी की निर्दोष ते आधीच ठरवून टाकणं, तपासातली गोपनीय माहिती फोडणं. या यादीशेजारी कुठल्याही मोठ्या गुन्ह्याच्या पहिल्या आठवड्यातली कात्रणं ठेवून पाहिली तर यादीतली निम्मी कामं त्यांत केलेली सापडतात. हा निकाल वाहिन्यांसाठी होता असं म्हणून छापील वृत्तपत्रांनी तो बाजूला ठेवला, पण त्यातलं तत्त्व छापील शब्दालाही तितकंच लागू पडतं.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो, आणि तो वजनदार आहे. आपल्याकडे ज्युरी नाही. 1959 च्या नानावटी प्रकरणात ‘ब्लिट्झ’नं आरोपीच्या बाजूनं रान उठवलं, ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतानं निर्दोष म्हटलं, उच्च न्यायालयाला तो कौल बाजूला सारून शिक्षा द्यावी लागली, आणि त्यानंतर ज्युरीची पद्धत देशातून मावळली. निवाडा आता प्रशिक्षित न्यायाधीश करतात. ते पेपर वाचून निकाल देत नाहीत, मग बातमीनं बिघडतं काय? हा आक्षेप घेणारे सगळं लक्ष न्यायाधीशांच्या आसनाकडे लावतात आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्याकडे त्यांची नजर जात नाही. आपल्याकडचे खटले तिथे बिघडतात.

अमली पदार्थाच्या खटल्यात जप्तीचा पंचनामा हा कणा असतो, आणि पंच हे साधे लोक असतात. त्यांच्यासमोर पोती उघडली, वजन केलं, पुड्यांना लाखेचं सील लावलं, लेबलावर सह्या घेतल्या, असा तो दस्तऐवज असतो. हा पंच दोन-चार वर्षांनी पिंजऱ्यात उभा राहतो. सरतपासात तो सगळं सांगतो. मग बचावाचे वकील उलटतपासात विचारतात की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात हे सगळं आलं होतं ना, तुम्ही वाचलंत ना, घरात चर्चा झाली ना? तो हो म्हणतो, कारण त्या आठवड्यात गावात दुसरं काही बोललंच जात नव्हतं. आता त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं कुठलं आणि वाचलेलं कुठलं, ते वेगळं काढणं त्याला स्वतःलाही अवघड जातं. त्याहून घातक म्हणजे त्या पंचानं किंवा शेजाऱ्यानं एखाद्या कॅमेऱ्यापुढे चार वाक्यं बोललेली असतात. आधी केलेलं विधान साक्षीदारापुढे ठेवून त्याला खोटं पाडायची मुभा पुरावा कायद्यानं दिलेली आहे, आणि रेकॉर्ड झालेली मुलाखत त्यासाठी आयतीच मिळते. मुलाखतीत ‘दहा-बारा पोती’ म्हटलं आणि पंचनाम्यात वेगळा आकडा असला, की साक्षीत खिंडार पडतं. म्हणजे घाईची बातमी आरोपीवर अन्याय करते हे अर्धंच सत्य झालं. पुष्कळदा ती फिर्यादी पक्षाचा खटला पोखरते, आणि ज्यांना शिक्षा व्हावी असं बातमी लिहिणाऱ्याला मनापासून वाटत असतं तेच तिच्या आधारानं सुटतात.

ओळख परेडचंही तेच. आरोपीला त्याच्यासारख्या वयाच्या आणि अंगकाठीच्या माणसांत उभं करून साक्षीदाराला ओळखायला सांगतात. परेडपूर्वी साक्षीदारानं त्याला पाहिलेलं नसावं ही त्यातली मूळ अट असते. म्हणूनच आरोपीच्या तोंडावर काळा बुरखा घालून त्याला न्यायालयात नेतात. तो अपमानासाठी नसतो, परेडची किंमत टिकावी म्हणून असतो. बुरख्यातल्या माणसाच्या बातमीशेजारी त्याचाच जुन्या समारंभातला फोटो छापला, की परेड पार पडण्याआधीच निकामी होते. नंतर न्यायालयानं ती परेड बाजूला ठेवली की आपण अग्रलेखात तपास यंत्रणेच्या ढिलाईवर लिहितो. आपल्या पानावरच्या त्या फोटोचा उल्लेख त्यात कधी नसतो.

पोलिसांची पत्रकार परिषद हा या सगळ्याचा उगम आहे, आणि बातमीदारापेक्षा तिथे बसलेल्या अधिकाऱ्याचा वाटा मोठा आहे. टेबलावर मुद्देमाल मांडलेला, मागे बुरख्यातले आरोपी, पुढे माईक, आणि हातात येतं ते प्रसिद्धिपत्रक. त्यातल्या दोन गोष्टी मी नेहमी तपासून पाहतो. पहिली, किंमत. कुपवाडच्या मालाची किंमत कोटींच्या शेकड्यांत सांगितली गेली आणि मथळे त्या आकड्यानं भरले. अमली पदार्थांच्या कायद्यात जामीन आणि शिक्षा यांचा हिशेब वजनावर आहे, रुपयांवर नाही. कुठल्या बाजाराचा कुठला भाव धरून तो आकडा काढला हे प्रसिद्धिपत्रक सांगत नाही, आणि खटल्यात तो विचारलाही जात नाही. तो आकडा फक्त वाचकासाठी तयार झालेला असतो. दुसरी गोष्ट, पदार्थाचं नाव. छाप्याच्या दिवशी जे सापडतं ती पांढरी भुकटी असते. तिचे नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढायचे, यादी त्यांच्याकडून प्रमाणित करून घ्यायची, असं कलम 52 अ सांगतं आणि डिसेंबर 2022 च्या नियमांनी ती पद्धत आणखी बांधून दिली आहे. ती भुकटी खरोखर एमडी आहे की नाही हे प्रयोगशाळेच्या अहवालानंतर ठरतं. नमुने काढण्यात कसूर झाली तर बचावाला तिथेच बोट ठेवता येतं. म्हणून ‘एमडी असल्याचा पोलिसांचा दावा’ असं लिहिणं हा भित्रेपणा नाही. त्या दिवशी तेवढंच खरं असतं.

कबुलीजबाबाचं तर बोलूच नये अशी अवस्था आहे. ‘आरोपीनं चौकशीत कबूल केलं’ हे वाक्य आमच्या गुन्हे वार्तांकनात इतकं रुळलंय की ते लिहिताना हात थांबत नाही. पोलिस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं हे कलम 25 होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 23 आहे. अमली पदार्थांच्या प्रकरणांत कलम 67 खाली अधिकाऱ्यानं घेतलेला जबाब कबुली म्हणून वापरायची वाट काही वर्षं उघडी होती, तीही सर्वोच्च न्यायालयानं तोफान सिंग प्रकरणात 29 ऑक्टोबर 2020 रोजी बंद केली. न्यायाधीशांना जे पाहायची मुभा नाही ते आपण तालुक्यातल्या हरेक घरात पोचवतो. पुढे आरोपी सुटला की लोक म्हणतात, कबूल करूनही सुटला म्हणजे न्यायाधीशच मॅनेज झाले. न्यायालयावरचा तो अविश्वास त्या एका वाक्यातून निघालेला असतो. सर्वोच्च न्यायालयानं 13 सप्टेंबर 2023 रोजी, मुंबईतल्या पोलिस चकमकींवरून सुरू झालेल्या एका जुन्या याचिकेत, पोलिसांनी माध्यमांना माहिती कशी द्यावी याची नियमावली करायला केंद्रीय गृहमंत्रालयाला सांगितलं. कुपवाडचे छापे त्यानंतर पाचच महिन्यांनी पडले, आणि छाप्यानंतरच्या त्या पंधरवड्यात बातम्यांचा पूर नेहमीसारखाच आला.

आता दुसरी बाजू. आरोपपत्र गेल्यावर जाणकार गप्प का बसतात? भीती हे एक कारण आहेच. अवमानाची शिक्षा सहा महिने साधी कैद किंवा दोन हजार रुपये दंड किंवा दोन्ही, म्हणजे आकड्यानं फार मोठी नाही. पण कनिष्ठ न्यायालयाच्या अवमानाचं प्रकरण उच्च न्यायालयापुढे चालतं, आणि सांगलीच्या छोट्या दैनिकाला त्यासाठी मुंबईच्या तारखा करणं म्हणजे संपादकाचं एक वर्ष गेलं. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच बसू लागल्यानं आता हे अंतर तरी कमी झालं आहे. तरी कायदा वाचला तर ही भीती फारशी टिकत नाही. चौथं कलम म्हणतं की न्यायालयाच्या कामकाजाचं रास्त आणि अचूक वृत्त हा अवमान नव्हे. तेरावं कलम म्हणतं की न्यायाच्या ओघात भरीव अडथळा आला नसेल तर शिक्षा करू नये. आणि उघड्या न्यायालयात झालेला उलटतपास, दोषारोप निश्चित झाल्याचा आदेश, जामीन फेटाळण्याची कारणं, प्रयोगशाळेच्या अहवालावरचा वाद, हे सगळं कामकाजाचाच भाग आहे. छाप्याच्या आठवड्यात जे सूत्रांच्या हवाल्यानं छापलं, तेच आता शपथेवर, दोन्ही बाजूंच्या वकिलांसमोर, तपासून बाहेर येत असतं. पण छाप्याला धावलेल्या मंडळींपैकी साक्षी सुरू झाल्यावर बोर्ड पाहायला जाणारे फार थोडे उरतात. पुण्यात नोंदलेल्या गुन्ह्याच्या प्रत्येक तारखेला कुपवाडचा माणूस पाठवणं परवडत नाही, हे मलाही कळतं. पण ई-कोर्ट्सवर तारखा आणि आदेश घरबसल्या दिसतात. तिथे जे सहज वाचता येतं तेही आपण वाचत नाही, आणि न वाचण्याला ‘न्यायप्रविष्ट’ हे नाव देतो. यात एक खरी अडचण आहे ती मान्य करतो : आरोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज नाही, ते संकेतस्थळावर टाकायला भाग पाडता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2023 मध्ये सांगितलं. म्हणजे वार्ताहराला वकिलांवर आणि उघड्या न्यायालयातल्या कामकाजावर विसंबावं लागतं. पण मग तिथे हजर राहण्याची गरज कमी होते की वाढते?

सगळ्यात अवघड आक्षेप सांगलीतूनच येतो. नोव्हेंबर 2017 मध्ये सांगली शहर पोलिसांच्या कोठडीतल्या एका तरुणाचा मृत्यू झाला. पोलिसांनी आधी सांगितलं की तो पळून गेला. नंतर त्याचा जाळलेला मृतदेह आंबोलीच्या बाजूला मिळाला, पोलिसांनाच अटक झाली, आणि तपास सीआयडीकडे गेला. त्या पहिल्या दिवसांत नातेवाईक, नागरिक आणि पत्रकार आरोपपत्राची वाट पाहत बसले असते तर काय झालं असतं? हा प्रश्न ऐकला की संयमाचा कुठलाही उपदेश अपुरा वाटतो, आणि तो वाटायलाच हवा. मात्र त्या दिवसांतली जी पत्रकारिता कामाची ठरली तिचं स्वरूप पाहावं. तरुणाला कोठडीत कधी घेतलं, ठाण्याच्या डायरीत काय नोंद आहे, तो पळाला तर शोध कुणी घेतला, नातेवाइकांना काय सांगितलं, हे प्रश्न होते. ज्यांच्या ताब्यात माणूस होता त्यांच्याकडे त्या माणसाचा हिशेब मागितला जात होता. कुणी काय केलं याचा निवाडा त्यात नव्हता, साक्षीदाराला पढवणं नव्हतं. सत्तेकडे नोंदी मागणं आणि अटकेतल्या माणसाला दोषी ठरवणं या दोन कृतींमध्ये जी रेघ आहे तीच माझ्या मते खरी रेघ आहे, आणि ती आरोपपत्राच्या तारखेनं ठरत नाही. त्या खटल्यातही कोण दोषी हे सांगणं न्यायालयाचंच काम आहे, म्हणून मी इथे नावं लिहिलेली नाहीत.

हीच रेघ लावली तर ‘न्यायप्रविष्ट’ म्हणून ज्या विषयांवर कुणी बोलत नाही त्यांतले कित्येक मोकळे होतात. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या सभागृहाची मुदत ऑगस्ट 2023 मध्ये संपली आणि पुढचं मतदान जानेवारी 2026 मध्ये झालं. मधली जवळपास अडीच वर्षं कुपवाडच्या नागरिकाला नगरसेवक नव्हता, कारभार प्रशासकाकडे होता. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता, आणि निवडणूक का होत नाही असं विचारलं की मंत्र्यापासून विश्लेषकापर्यंत सगळे त्याच एका शब्दाकडे बोट दाखवत. पण त्या वादात पिंजऱ्यात उभा राहणारा साक्षीदार नव्हता, ओळख परेड नव्हती, कुणाचं स्वातंत्र्य पणाला नव्हतं. तो कायद्याच्या अर्थाचा आणि राज्याच्या कारभाराचा प्रश्न होता. त्यावर लेख लिहिल्यानं सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विचलित झाले असते असं कुणीही गंभीरपणे म्हणणार नाही. 1988 च्या रिलायन्स पेट्रोकेमिकल्स विरुद्ध इंडियन एक्स्प्रेस प्रकरणात तर रोखे-विक्रीचा वाद न्यायालयापुढे असतानाच लिहिण्यावर घातलेली मनाई सर्वोच्च न्यायालयानं उठवली होती, कारण न्यायाला तातडीचा आणि खरा धोका उरला नव्हता. अशा विषयावरचं मौन सरकारच्या सोयीचं असतं, आणि ते पाळल्यानं न्यायालयाला काहीच मिळत नाही.

कुपवाडबद्दलही असंच वेगळं काढता येतं. अटकेतली माणसं दोषी आहेत का, कुणाचा वाटा किती, कोणता साक्षीदार खरा, यावर मत देणं मी टाळतो आणि इतरांनीही टाळावं. पण औद्योगिक वसाहतीतले बंद पडलेले गाळे आणि भाड्यानं दिलेल्या खोल्या कोण तपासतो, एमडी बनवायला लागणाऱ्या रसायनांच्या खरेदी-विक्रीची नोंद कुणाकडे असते, जप्त मालाची विल्हेवाट लागेपर्यंत तो कुठे राहतो, नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढायला किती दिवस लागतात, हे प्रश्न कुठल्याही आरोपीच्या निकालावर अवलंबून नाहीत. निकाल काहीही लागला तरी त्यांची उत्तरं तीच राहतील. अन्न व औषध प्रशासन, औद्योगिक विकास महामंडळाचं स्थानिक कार्यालय, महापालिका यांच्याकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाकता येतो. त्यासाठी पुण्याच्या न्यायालयात पाऊल ठेवायची गरज नाही, आणि ते विचारलं म्हणून एकाही पंचाची साक्ष ढासळणार नाही.